शुभेच्छा ताईला, कौतुक दादाचं

घरात एखाद्यावर 'हिची भाषा बरी आहे' असा शिक्का एकदा बसला की त्याची सुटका नाही. सोसायटीची नोटीस, रजेचा अर्ज, लग्नपत्रिकेतली वेलांटी, सगळं तपासायला त्याच्याकडेच येतं. यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. अर्जातली चूक दाखवली तर माणूस 'थँक्यू' म्हणतो. शुभेच्छांतली दाखवली तर म्हणतो, "म्हणजे माझ्या भावना खोट्या का?"

ताईला साठ पूर्ण होणार होती. दादा तिच्याहून लहान आणि माझ्याहून मोठा, म्हणजे दोन्हीकडून लाड करून घेण्याच्या सोयीच्या जागी जन्मलेला. आदल्या रात्री त्याचा मजकूर आला आणि खाली सूचना : "फक्त ऱ्हस्वदीर्घ बघ. बाकी मनापासून लिहिलंय." मनापासून लिहिलंय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मजकूर असा होता :

"प्रिय ताई, आज तुझ्या साठाव्या वाढदिवशी माझं मन भरून आलं आहे. मी आज जो काही आहे त्यात तुझा मोठा वाटा आहे. मला आठवतं, शाळेत गणिताने मला छळलं होतं, तेव्हा मी रात्ररात्र जागून अभ्यास केला आणि तू माझ्याजवळ बसायचीस. पुढे मी इंजिनिअर झालो, परगावी गेलो, शून्यातून उभा राहिलो. माझ्या पडत्या काळात मी एकटा लढलो, पण तू पाठीशी आहेस हे मला माहीत होतं. कामाच्या व्यापात मला तुला वेळ देता आला नाही याची खंत वाटते. तरी माझ्या मनात तुझं स्थान अढळ आहे. तुझ्यासारखी बहीण मला लाभली हे माझं भाग्य. आता तब्येतीची काळजी घे. तुझा लाडका भाऊ."

ऱ्हस्वदीर्घ ठीक होते. त्याबद्दल त्याला पूर्ण गुण.

असा मजकूर वाचताना काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते पटकन सांगता येत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्यात ताई आहे. म्हणून मी मोजायला बसले. सही सोडून मी, मला, माझं वगैरे चौदा. तू, तुला, तुझं वगैरे सात. पण खरा पुरावा या बेरजेत नसतो, क्रियापदांत असतो. दादा या मजकुरात जागतो, अभ्यास करतो, इंजिनिअर होतो, परगावी जातो, उभा राहतो, लढतो. ताई काय करते? बसते. आणि पाठीशी असते. साठ वर्षांत बाईने एवढंच केलं. शेवटी तिला एक काम सांगितलंय, तब्येत सांभाळायचं.

मी फोन केला. "दादा, छान आहे, पण यात तूच जास्त आहेस."

"असं होय? थांब, 'मी' काढून टाकतो."

त्याने खरोखरच 'मी' शोधून शोधून काढले आणि पाच मिनिटांत नवी प्रत पाठवली. "पुढे इंजिनिअर झालो, परगावी गेलो, शून्यातून उभा राहिलो." मराठीत ही पळवाट चालत नाही. कर्ता दाराबाहेर काढला तरी 'झालो, गेलो, राहिलो' यातल्या 'लो'च्या रूपाने तो घरातच पाय पसरून बसलेला असतो. हे सांगितल्यावर पुढची प्रत आली, तिच्यात सगळीकडे 'आम्ही' होतं. "आम्ही इंजिनिअर झालो." म्हणजे आता तो एकटा नव्हता, तर दरबारासह आला होता.

मग तो चिडला आणि उलट्या टोकाला गेला. स्वतःला पूर्ण वगळून त्याने लिहिलं : "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, सदैव हसतमुख आणि सर्वांना मायेने सांभाळणाऱ्या ताईस..." मी तिथेच थांबवलं. मराठीत कुणाही माणसामागे एवढी विशेषणं एका दमात लागली की वाचणारा आधी तारीख आणि मग चौकट बघतो. ताई ठणठणीत आहे, सकाळी माझ्याआधी उठते. शिवाय ताई सदैव हसतमुख नाही. तिच्या हसतमुखपणाचा अनुभव तिची ओली छत्री पलंगावर ठेवणाऱ्याला विचारावा. शुभेच्छांतून लेखक काढला की ती व्यक्ती आपोआप दिसू लागेल, हा समज चुकीचा आहे. लेखकाने अडवलेली जागा मोकळी होते, एवढंच. तिथे काय ठेवायचं हा प्रश्न तसाच राहतो.

"दादा, ती बसायची म्हणजे काय करायची?"

"बसायची म्हणजे बसायची! शेजारी."

"नुसती?"

"नुसती कशी? डोकं खायची. मी गणित सोडवलं की म्हणायची, कसं केलंस सांग. मी सांगायचो. मग म्हणायची, कळलं नाही, परत सांग. परत सांगितलं की परत तेच. तिसऱ्यांदा सांगताना मलाच दिसायचं की मधल्या पायरीत चिन्ह चुकलंय."

"आणि तिला खरंच कळत नसायचं?"

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. दादाचं गणित सुटत होतं, चाळीसेक वर्षं उशिरा.

"अगं, तिला पहिल्या वेळीच कळायचं की काय?" तो म्हणाला. "लबाड!"

शुभेच्छांची दुरुस्ती सहसा असल्याच जागी सापडते. मूळ मजकुरात एक आळशी क्रियापद असतं, 'बसायचीस', 'होतीस', 'दिलीस', त्याच्या आत काय घडलं ते विचारायचं. 'साथ दिलीस' म्हणजे काय केलंस? 'पाठीशी होतीस' म्हणजे कुठे उभी होतीस, काय बोललीस? उत्तर आलं तर ते वाक्य राहतं. 'पाठीशी'बद्दल मी दादाला बराच वेळ विचारलं, तर तो म्हणाला, "म्हणजे... असणारच ना ती." ते वाक्य उडालं. त्याच्याबरोबर पडता काळ आणि लढाईही गेली. दादाने त्या लढाईसाठी बरीच लढाई केली, पण ताईला तो काळ पाठ आहे. तिने तो फोनवर प्रत्यक्ष ऐकला आहे, हप्त्याहप्त्याने.

आता ती खंत. वेळ देता आला नाही, याची. हे वाक्य सगळ्यांनाच आवडतं, कारण त्यात नम्रता दिसते. पण त्याला उत्तर काय येणार, ते बघावं. ताई लिहिणार, "अरे असू दे रे, तुझ्या मागे किती व्याप, मला कळतं ना." म्हणजे वाढदिवस तिचा आणि समजूत काढून घेतोय दादा. माझी जुनी कसोटी हीच आहे : समोरच्याला उत्तरात तुमचं सांत्वन करावं लागत असेल, तर पत्र तुमचं होतं. खंत असेल तर एखाद्या साध्या वारी फोन करून बोलावी. दादाचं म्हणणं पडलं की साध्या वारी तो कामात असतो.

'तुझ्यासारखी बहीण मला लाभली हे माझं भाग्य' यावर मी जास्त बोलले नाही. त्या वाक्यात अभिनंदन कुणाचं होतंय ते त्याला मोठ्याने वाचायला लावलं. वाचून तो म्हणाला, "माझंच की." तेही गेलं.

पण एवढं छाटल्यावर दुसरीच गोष्ट उघडी पडली. मजकुरातली ताई पंचवीसएक वर्षांचीच राहिली होती. दादा घरातून बाहेर पडला आणि ताईची गोष्ट संपली! पुढची पस्तीस वर्षं ती बहुधा त्याच खुर्चीत बसून त्याची वाट बघत होती. अशा मजकुरांत हे हमखास होतं. आपण त्या माणसाच्या आयुष्यातून जिथे उतरलो, तिथे त्याची गाडीच थांबली असं आपण धरून चालतो. मी विचारलं, "हल्ली ती काय करते?"

"काय म्हणजे? नेहमीचं. घर, वाचन... तू सांग ना."

मी सांगितलं नाही. माझ्या आठवणी त्याच्या सहीने गेल्या असत्या तर ताईने पहिल्याच ओळीत ओळखलं असतं. मी त्याला भाचीला फोन करायला लावला. रात्रीचे साडेदहा झाले होते. भाचीला आधी वाटलं, कुणाचं काही झालं की काय. मामाने नुसतंच 'आई कशी आहे' विचारायला फोन केला यावर तिचा विश्वास बसेना. अर्ध्या तासाने दादाचा मला फोन. आवाज वेगळाच. "अगं, ताई पोहायला जाते! अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला लागली. पाण्याच्या बादलीला घाबरायची ती! अजून डोकं पाण्याखाली घालत नाही म्हणे, पण पूल आडवा पार करते." त्याला जणू ताई नव्याने झाली होती.

मग आम्ही लिहिलं :

"ताई, साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तू शेजारी बसायचीस आणि प्रत्येक पायरीला म्हणायचीस, 'कळलं नाही, परत सांग.' तिसऱ्यांदा सांगताना मला माझी चूक सापडायची. तुला पहिल्याच वेळी कळायचं, हे मला फार उशिरा कळलं. पाण्याला घाबरणारी तू अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला लागलीस आणि डोकं वर ठेवून पूल आडवा पार करतेस. यंदा लांबीने पार कर. डोकं वरच असू दे. तुझा भाऊ."

दादाने बारकाईने तपासलं. "यात 'मला' दोनदा आणि 'माझी' एकदा आहे. मग माझे चौदा कशाला कापलेस?"

प्रश्न चोख होता. हे तीन राहायलाच हवेत. ते काढले तर ताई कुणाला शिकवत होती ते कळणार नाही, आणि पाहणारा कुणी नसेल तर तिची लबाडी पकडणार कोण? फरक इतकाच की या तिन्ही ठिकाणी दादा गाढव आहे आणि त्यामुळे ताई हुशार दिसते. आधीच्या चौदांत उलटं होतं. दादा म्हणाला, "म्हणजे मी असायला हरकत नाही, फक्त गाढव असायला हवं." सर्वसाधारणपणे हो, असं मी सांगितलं.

'लाडका' या शब्दावर अकरा वाजून गेले. लाडकं कोण हे ताईने ठरवायचं, सही करणाऱ्याने नव्हे, हे माझं म्हणणं. त्यात माझा स्वतःचा हितसंबंध आहे, हे त्याचं. शेवटी नुसतं 'भाऊ' ठरलं. लगेच सोबतचा फोटो आला. त्यात दादा बक्षीस घेतोय आणि कडेला एक कोपर आहे. "ती ताई आहे," तो म्हणाला. मी भाचीकडून पोहण्याच्या टोपीतला ताईचा फोटो मागवला.

सकाळी ताईचं उत्तर आलं, चांगलं लांबलचक. लांबीने जायचा विचार तिच्याही डोक्यात आहे, पण पलीकडे पाणी खोल होत जातं आणि पायाला तळ लागत नाही म्हटलं की श्वास चुकतो. शिकवणाऱ्या बाई म्हणतात आधी तरंगायला शीक. टोपीने कान दुखतात. पुढच्या महिन्यात बघू. शेवटी एक हसरा चेहरा.

दहा मिनिटांत दादाचा फोन. "वाचलंस? एवढं मोठं लिहिलंय, आणि माझ्याबद्दल एक अक्षर नाही!"