सॅम्पल द्यायची आपली बेळगावी पद्धत

डॉक्टरांनी लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलीय? मग पहिलं काम, घरात बाटली शोधा. टॉनिकची असली तर उत्तम, बुडाशी थोडं गोड राहिलेलं असलं तर त्याहून उत्तम, जंतूंनाही प्रवासात खायला काहीतरी पाहिजेच की. लॅबनं दिलेली निर्जंतुक डबी कपाटात ठेवून द्या. झाकण घट्ट बसतंय, सुपारी-लवंगाला होईल.

मग सकाळी उठल्या उठल्या, डोळे चोळत, जी पहिली धार येईल ती त्यात धरा. पहिलीच. कारण मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आजूबाजूच्या कातडीवर रात्रभर जे जंतू बसलेले असतात ते पहिल्या धारेबरोबर धुऊन येतात, ते वाया कशाला घालवायचे? आम्ही लॅबवाले उगाचच सांगतो, आधी हात धुवा, मग ती जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा, डेटॉल-बिटॉल नको कारण ते सॅम्पलमध्ये उतरलं तर जंतू वाढतच नाहीत, बायकांनी बाजूची कातडी बोटांनी वेगळी धरावी, पुरुषांनी पुढची कातडी मागे घ्यावी, थोडी लघवी संडासात सोडावी आणि धार न थांबवता मधली डबीत घ्यावी, अर्धी डबी पुरे, उरलेली परत संडासात. एवढं कोण करतंय ओ, बस चुकेल.

झाकण उघडलं की आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, स्वच्छ आहे का. मग ते बाथरूमच्या फरशीवर पालथं ठेवा.

आता गाडी. गेल्या मंगळवारी खानापूर तालुक्यातनं एक गृहस्थ बायकोचं सॅम्पल घेऊन आले. सात वाजता घेतलेलं, माझ्या टेबलावर साडेअकराला. मध्ये काय काय झालं असेल ते मला न विचारता कळतं, पहिल्या बसला पाय ठेवायला जागा नव्हती, दुसरीत उभं राहून आले, पिशवी इंजिनाजवळ, मग स्टँडवर चहा, मग बाजारात जरा काम. बाटली हातात घेतली तर कोमट लागली. ई. कोलाय नावाचा जंतू मानवेल अशा उबेत साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. लघवीत वेग थोडा कमी धरा, तरी साडेचार तासांत आत काय जत्रा भरली असेल! दोन तासांच्या आत आणा, नाहीतर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, एक दिवस चालतं, फक्त बर्फाच्या कप्प्यात नको, हे मी डबी देताना सांगितलं होतं. पण डबी तर घरी सुपारीला.

मी म्हटलं, हे घेत नाही, परत आणा. तर आवाज चढला, "काय सांगुलालाय ओ मॅडम, एवढ्या लांबनं आलोय, तपासा की, लघवी म्हणजे लघवीच." डॉक्टरांचा फोन आला, घ्या म्हणाले. घेतली. बाटलीची गोष्ट रिपोर्टच्या खाली लिहून ठेवली.

आधी मायक्रोस्कोपखाली बघितलं. पू पेशी दोन-तीन, आणि चपट्या कातडीच्या पेशी नुसत्या पसरलेल्या. हे दिसलं की समजायचं, मूत्राशयापेक्षा बाहेरची कातडीच जास्त आलीय. मग एक मायक्रोलिटरच्या लूपनं, म्हणजे टोकाला बारीक कडं असलेल्या तारेनं, जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर फिरवलं. त्या लूपमध्ये मिलिलिटरचा हजारावा भाग येतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लेटवर एक ठिपका उगवला तर मिलिलिटरला हजार जंतू, शंभर ठिपके म्हणजे एक लाख. एकाच जातीचे लाखाच्या वर आले आणि त्रास होत असला तर इन्फेक्शन म्हणायला आधार असतो. बुधवारी सकाळी प्लेट काढली तर मोजायला जागाच नाही, आणि तेही तीन जातींचे, पिवळे मोठे, बारके पांढरे, आणि एक पसरट. यातला खरा चोर कुठला आणि वाटेत चढलेले प्रवासी कुठले ते कसं सांगणार? रिपोर्ट लिहिला, मिश्र वाढ, सॅम्पल दूषित असण्याची शक्यता, परत पाठवा.

गुरुवारी बाई स्वतः आल्या, डबीत, नीट घेतलेलं, अर्ध्या तासात. मला इतका आनंद झाला. शुक्रवारी प्लेट कोरी, एक ठिपका नाही. विचारल्यावर म्हणाल्या, जळजळ सोसवेना म्हणून घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या बुधवारीच घेतल्या. झालं. आता तो जंतू कुठला होता आणि कुठल्या गोळीला दबतो ते आम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. दोनदा पैसे गेले आणि वर नवऱ्याचं ऐकायचं, "तुमची लॅबच बोगस."

थुंकी? लाळ आणा. तोंड न धुता, नाश्ता झाल्यावर, पोह्यातली कोथिंबीर आत दिसली पाहिजे. सकाळी उठून साध्या पाण्यानं चूळ भरून, मोकळ्या हवेत जाऊन, दोन-तीन लांब श्वास घेऊन छातीतनं खोकून काढलेला घट्ट बेडका आम्हाला आवडत नाही. टीबीला तो किमान दोन मिली लागतो म्हणे. लागू दे.

संडासचं सॅम्पल द्यायचं तर पाण्यातनं उचला, वर थोडी लघवीही पडू दे, म्हणजे अमिबा आम्हाला दिसायच्या आत मरेल. डबा गच्च भरून आणा. आवळ्याएवढं पुरतं, आणि आव किंवा रक्त दिसत असेल तर तेवढाच भाग चमच्यानं घ्यायचा असतो, पण आपल्याकडं मापात काही द्यायची पद्धत नाही. मागच्या महिन्यात एका पाहुण्यांनी कुंद्याच्या प्लास्टिकच्या डब्यात आणलं, काठोकाठ. आत गॅस धरला, झाकण उघडताना ते उडालं, ते माझ्या चष्म्यापर्यंत. बेळगावच्या त्या गोडाचं नाव काढलं की अजून पोटात ढवळतं.

लेबल चिकटवायच्या आधी बेळगाव लिहायचं का बेळगावी, मराठीत का कन्नडमध्ये, यावर रांगेत पाच मिनिटं भांडा. पेशंटचं नाव लिहायचं राहिलं तरी चालेल. किंवा झाकणावर लिहा, एकाच वेळी चार झाकणं उघडली की कुठलं कुणाचं ते तुम्ही घरी बसून ओळखाल. नुसतं "एस. पाटील" लिहिलं तर सोन्याहून पिवळं, त्या दिवशी माझ्याकडं तीन एस. पाटील होते, सुरेश, संगीता आणि एक आजोबा.

नाही, आता पुरे. अहो, त्या आजोबांना संगीताचा रिपोर्ट गेला असता तर काय केलं असतं तुम्ही? मलाच बोगस म्हणाला असता ना? डबीच्या अंगावर पूर्ण नाव, वय, कुठलं सॅम्पल, तारीख आणि किती वाजता घेतलं, एवढं लिहायला एक मिनिट लागत नाही. पेन माझ्या काउंटरवर दोरीला बांधलेलं आहे, तेही दोनदा गेलं. डबी आम्ही फुकट देतो. अर्धा तास उशीर झाला तर फोन करून विचारा, रागवत नाही मी. पण गोळ्या घ्यायच्या आधी सॅम्पल द्या, आणि टॉनिकच्या बाटल्या आणू नका, परत सांगणार नाही.

आणि ते कुंद्यावाले पाहुणे डबा परत मागायला काल आले होते. फेकला, म्हटलं.