वारा पडला म्हणजे वादळ गेलं, असं नाही

"वारा थांबला की निवाऱ्यातून लगेच घरी परतलं तर चालेल का?"

नाही. चक्रीवादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मधला भाग, गावावरून जात असेल तर वारा अचानक पडतो, कधी आभाळही उजळतं. ही उसंत काही मिनिटांची असते, कधी त्याहून जास्त. मग वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो. पहिल्या झोताने हललेली कौलं, पत्रे, अर्धवट मोडलेल्या पोफळी दुसऱ्या झोतात उडतात, कोसळतात, आणि माणसं नेमकी तेव्हा छपरावर चढलेली असतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरजवळ दुपारी किनाऱ्यावर आलं, म्हणजे भर दिवसा. अशा वेळी बाहेर डोकावायचा मोह जास्तच होतो. म्हणून वाऱ्यावर विसंबू नका. प्रशासनाने परतायला सांगितलं की मगच निघा.

घर सोडतानाच मेन स्विच बंद करा. परतताना तुटलेल्या तारेपासून लांब राहा, साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. गावात वीज नाही म्हणून तार मेलेली समजू नका. चुकीचा जोडलेला एखादा जनरेटरही उलटा प्रवाह त्या तारेत सोडतो. विहिरीत खारं पाणी शिरलं असेल तर उकळूनही खारटपणा जात नाही; विहिरीचं पाणी पुन्हा गोडं होईपर्यंत टँकरचंच पाणी प्या.