हरवलेल्या पार्सलचा ताजा फोटो

भरपाईच्या क्लेमचे सगळे कागद देऊन झाल्यावर कुरियरच्या काउंटरवरचे साहेब म्हणाले, "पार्सलचा फोटो?"

"पार्सल हरवलंय ना."

"हो, त्याचाच."

"पण ते माझ्याकडे नाहीये."

"मग कोणाकडे आहे?"

"तुमच्याकडे!"

साहेबांनी खरोखर मागे वळून रॅकवर नजर टाकली. "इथे तर दिसत नाही," म्हणाले. मी मोबाईलवर पॅकिंग करतानाचा फोटो दाखवला, तर म्हणे हा जुना झाला, डॅमेज कळलं पाहिजे. फुटलेल्या आणि हरवलेल्या मालाला फॉर्म एकच, आणि डॅमेजचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग साहेबांनी बराच विचार केला, दोनदा पेन झटकलं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : 'डॅमेज : दिसत नाही.'

आत होती कॅमेऱ्याची वापरलेली लेन्स, एकाला विकलेली. त्याने बिचाऱ्याने आधी फोन केला होता, तर पाठवणाऱ्यालाच क्लेम करू दे म्हणाले, पावती त्याच्या नावाची. ट्रॅकिंगमध्ये मात्र पार्सल दुसऱ्या हबला पोचलेलं दिसतं! खरी गंमत अशी की बरीच पार्सलं एका पोत्यात भरतात आणि पुढच्या हबवर पोत्याचा बारकोड स्कॅन केला की आतली सगळी 'पोचली' होतात, मग एखादं वाटेतच गळलेलं का असेना. पोतं उघडल्यावर जो एकेका नगाचा स्कॅन व्हायला पाहिजे तो माझ्या पार्सलचा झालेलाच नाही. ट्रॅकिंगची नोंद काही काळाने साईटवरून उडते म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते दाखवले, तर साहेब म्हणे, "पोचलंय की."

मग किमतीचा पुरावा. लेन्सचं मूळ बिल थर्मल कागदावरचं, त्यावरची अक्षरं केव्हाच उडालीत, नुसता पांढरा कागद. शिवाय ते नव्याचं, ही वापरलेली. म्हणून विक्रीचं बोलणं झालं ते मेसेज आणि पैसे आल्याची बँकेची नोंद दिली, वर मी त्याला पैसे परत केल्याचीही. त्यावर आक्षेप काय, तर "पैसे परत दिलेत ना, मग विक्री झालीच नाही. किंमत कशाची?" डोकं फिरलं माझं. अहो, तुम्ही हरवलंत म्हणून परत दिले ना!

आणि एवढं करून पावतीवर किमतीचा रकाना कोराच, बुकिंगवाल्याने विचारलंच नव्हतं. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की किंमत जाहीर नसेल तर भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा वाचल्यावर वाटलं, पॅकिंगचा बबल रॅपसुद्धा निघायचा नाही त्यात.

अर्ज घेतला शेवटी. नंबर लिहून देताना साहेब अगदी आपुलकीने म्हणाले, "पार्सल सापडलं तर आम्हाला कळवा हं, म्हणजे क्लेम बंद करू."