सोळाशे मीटर आणि चिठ्ठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

*"सर, लेख वाचला. 5:10 साठी 78 सेकंदांची फेरी लिहिली आहे, जरा गणित तपासा, भरतीचे क्लास चालवता ना? लहान लहान टार्गेट दिलं की पोट्टं तिथंच बसते, हे मैदानावर उतरलेल्या कोणालाही माहीत आहे. आमचे सर एकच सांगायचे, जीव तोडून पळा, आणि आम्ही भरती झालो. चिठ्ठीवर आत्मविश्वास मोजणं म्हणजे एसीत बसून काढलेलं दुकान आहे. उलट फाजील आत्मविश्वासानंच पोट्टे लेखीत आपटतात."*
*(एक जुना शिपाई, नंदनवन)*

पोलीस भरतीच्या 1600 मीटर धावण्यासाठी लहान लहान टार्गेटं आणि आत्मविश्वासाचा आकडा लिहायची चिठ्ठी कशी वापरायची, या माझ्या लेखावरची ही प्रतिक्रिया. भाऊ, गणिताचं आधी. तुमचं बरोबर आहे. 5:10 म्हणजे 310 सेकंद, चार फेऱ्यांत वाटले की 77.5. मी 78 लिहिलं. 78 च्या चार फेऱ्या 5:12 ला संपतात आणि 20 पैकी 20 गुण मिळत नाहीत. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. "क्लास चालवता ना" हा टोमणा मात्र त्या अर्ध्या सेकंदाच्या मानानं जरा मोठा झाला. आणि एसी म्हणाल, तर नागपुरात मे महिन्यात पहाटे पावणेपाचला मैदानावर हजेरी घेणाऱ्याला एसीचं नुसतं नाव ऐकूनही बरं वाटतं. अकरा वर्षं स्टॉपवॉच हातात आहे, दुकान असतं तर एव्हाना गल्ल्यावर बसलो असतो.

लहान टार्गेटबद्दलच्या तुमच्या एका वाक्यावर सविस्तर लिहितो. ते मला दर भरतीच्या हंगामात ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे बहुतेक जण स्वतः भरती झालेले असतात. जीव तोडून पळूनही जे राहिले, ते सांगायला येत नाहीत.

वहीतलं एक पान आहे तसं देतो. मुलगा 20 वर्षांचा, पहिली चाचणी, सकाळी सहा वाजता, 400 चा ट्रॅक. फेऱ्या 79, 96, 104, 101. एकूण 380 सेकंद, म्हणजे 6:20. याला आधी कुणीतरी जीव तोडून पळायलाच सांगितलं होतं, आणि पोरगं आज्ञाधारक. पहिली फेरी त्यानं जवळजवळ 5:10 च्या वेगानं मारली. त्या वेगाला लागतो तेवढा प्राणवायू त्याच्या शरीराला पुरवता येत नव्हता, म्हणून स्नायूंनी उधारीवर ऊर्जा काढली आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ती व्याजासकट वसूल झाली. तिसऱ्या फेरीच्या वळणावर तो जवळजवळ चालत होता. दम जातो आणि परतही येतो, त्याची मला चिंता नसते. पण त्या दिवशी मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की आपल्यात आणि 5:10 मध्ये 70 सेकंदांची दरी आहे.

चार दिवसांनी त्याच मुलाला एकूण वेळेचं टार्गेट दिलंच नाही. एवढंच सांगितलं, की पहिली फेरी 92 च्या आत आलास तर तिथंच थांबवीन. फेऱ्या पडल्या 92, 94, 94, 89. एकूण 369, म्हणजे 6:09. चार दिवसांत ताकद वाढत नसते. हे 11 सेकंद निव्वळ वेगाच्या वाटणीतून निघाले. शिवाय शेवटची फेरी सगळ्यात जलद झाली, आणि ती जलद झाली हे त्याला स्वतःला कळलं. आधी कृतीचं टार्गेट आणि ती अंगवळणी पडल्यावर निकालाचं, हा क्रम मी शोधलेला नाही. झिमरमन आणि किट्सँटास या संशोधकांनी 1997 मध्ये हायस्कूलच्या मुलींना डार्ट फेकायला शिकवताना तो तपासला होता. ज्या मुलींनी आधी हाताच्या हालचालीवर लक्ष ठेवलं आणि ती जमल्यावर गुणांकडे वळल्या, त्या सगळ्यात पुढे राहिल्या. पहिल्या फेकीपासून गुणांवर डोळा ठेवणाऱ्या मागे पडल्या.

आता "तिथंच बसते" हे. याचं उत्तर 1981 मध्येच देऊन झालं आहे, आणि तेही वजाबाकीच्या वर्गात. बांडुरा आणि शंक या मानसशास्त्रज्ञांनी सात ते दहा वर्षांची, गणितात मागे पडलेली मुलं घेतली. पुस्तिका 42 पानांची, बैठका सात. एका गटाला सुचवलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं करा. दुसऱ्या गटाला सांगितलं, सात बैठकांअखेर 42 पानं संपवा. तिसऱ्याला पानांचा आकडाच दिला नाही. बेरीज करून बघा, पहिल्या दोन गटांचं काम एकच आहे. तरी सहा पानंवाल्यांना वजाबाकी अधिक चांगली आली, "मला हे येतं" असा त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाजही वर गेला. 42 पानंवाल्यांना त्या दूरच्या टार्गेटचा काही फायदा झाला नाही, ते आकडा न मिळालेल्यांच्याच बरोबरीनं राहिले. नंतर मुलांना मोकळं सोडलं, हवं ते करा म्हणाले. आपणहून वजाबाकीची गणितं सोडवत बसण्यात सहा पानंवाले पुढे होते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे बसायचं तर त्यांनी बसायला हवं होतं.

तरीही तुम्ही बसलेली पोरं पाहिली असतील, नाही म्हणत नाही. ती बसतात, कारण टार्गेट कुठे ठेवायचं हे सरांनी आपल्या मनानं ठरवलेलं असतं. चिठ्ठी त्यासाठी लागते. तुम्ही तिला हसलात, पण वापरतात कशी ते विचारलं नाहीत, म्हणून न विचारता सांगतो.

वहीच्या पानाचा चतकोर तुकडा. त्यावर एकाखाली एक वेळा : 6:20, 6:10, 6:00, 5:50, 5:30, 5:10. प्रत्येकीसमोर मुलानं 0 ते 100 मधला आकडा लिहायचा, आज या घटकेला एवढ्या वेळेत पळता येईल याची किती खात्री. प्रश्नाचे शब्द बदलले की सगळं बिघडतं. "पळशील का?" विचारलं की मुलगा इच्छा सांगतो, आणि इच्छा सगळ्यांची 100 असते. "आज पळता येईल का?" असंच विचारायचं. तोंडी विचारायचं नाही, कारण चारचौघांत कुणी 40 म्हणत नाही. चिठ्ठी घडी घालून माझ्या खिशात, बाकी कुणी बघायची नाही.

या मुलाची चिठ्ठी 6:09 नंतरची होती : 100, 90, 60, 30, 10, 0. टार्गेट ठेवलं 6:00, जिथे त्यानं 60 लिहिलं होतं. साठ ते सत्तरच्या आसपास धरायचं हा माझा मैदानावरचा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही. 90 वर ठेवलं तर तुम्ही म्हणता तसं पोट्टं खरंच बसतं, आणि 10 वर ठेवलं तर पहिल्या वळणावरच ते मनातून शर्यत सोडून देतं. तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, 400 च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी 88 ते 89 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. चाचणी आली 5:57. लगेच नवी चिठ्ठी घेतली : 6:00 समोर 100, 5:50 समोर 60, 5:30 समोर 20, 5:10 समोर 10. जवळची पायरी ओलांडल्यावर सगळ्यात लांबचा आकडाही शून्यावरून हलला. बाराव्या आठवड्यात 5:38 झालं. 5:10 झालं नाही, आणि तीन महिन्यांत ते होईल असं मी त्याला सांगितलंही नव्हतं.

दोन ठिकाणी हे फसतं. टार्गेट गाठलं, पण पुढच्या पायरीचा आकडा हललाच नाही, असं कधी कधी होतं. तेव्हा मुलाला विचारायचं, वेळ कशामुळे कमी झाली? "आज गार होतं", "समोरचा दादा ओढत होता" असं उत्तर आलं, तर यश त्यानं स्वतःच्या खात्यात जमाच केलेलं नाही. मग त्याच्यासमोर फेऱ्यांचे आकडे ठेवायचे आणि तिसरी फेरी कुणी सांभाळली ते त्याच्याच तोंडून काढायचं. "शाब्बास, तू करू शकतोस" यानं ते काम होत नाही. बोलून दिलेला धीर पुढच्या खराब चाचणीपर्यंतच पुरतो, स्वतः करून पाहिलेलं जास्त टिकतं. म्हणूनच चाचणी कायम एकाच वेळी घ्यायची. एप्रिलमध्ये सकाळी सहाची वेळ आणि नऊची वेळ यांची तुलना करून कितीतरी पोरांनी आपण मागे पडलो असं उगीच ठरवून टाकलं आहे.

दुसरं, टार्गेट लागोपाठ दोनदा पाचेक सेकंदांनी चुकलं आणि चिठ्ठीवरच्या सोप्या पायऱ्यांचे आकडेही उतरले, तर घड्याळ खिशात घालायचं. दोन आठवडे पुन्हा फक्त पहिल्या फेरीचं टार्गेट. इथेच बहुतेक सर "मन लावत नाही" म्हणून ओरडतात आणि त्या ओरडण्यानं चिठ्ठीवरचे आणखी वीस घालवतात. तुमचे सर ओरडत होते की नाही मला माहीत नाही, तेव्हा रागावू नका. पण "जीव तोडून" यात आकडा नाही. जीव किती तुटला हे पोरानं मोजायचं कशावर?

लेखीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मीही थोडक्यातच सांगतो. 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद, आणि चुकीला गुण कापत नाहीत. अंकगणितात नफा-तोटा, काळ-काम, सरळव्याज अशा प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा प्रश्न नुसते दाखवायचे, सोडवू द्यायचे नाहीत. "यातले किती येतील?" याचा आकडा लिहून घ्यायचा आणि मगच सोडवायला लावायचे. काळ-कामासमोर 9 लिहून 4 बरोबर येणारी पोरं भरपूर असतात. हाच तुमचा फाजील आत्मविश्वास, आणि तो सापडतो चिठ्ठीमुळेच, कारण 9 आणि 4 शेजारी शेजारी लिहिलेले असतात. अशा मुलाला 70 गुणांचं टार्गेट देऊन काही होत नाही. त्याला पंधरा दिवस काळ-कामाची रोज आठच गणितं द्यायची, आणि प्रत्येक गणितात एका दिवसाचं काम आधी अपूर्णांकात मांडायचं, एवढंच टार्गेट. पंधरा दिवसांनी पुन्हा दहा प्रश्न आणि पुन्हा अंदाज. 6 लिहून 6 आणणारा मुलगा 9 लिहून 4 आणणाऱ्यापेक्षा मला हवा असतो, कारण कोणते चार प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांसाठी सोडायचे हे त्याला कळतं.

तुमच्या सरांच्या हाताखाली किती पोरं होती आणि त्यातली किती लागली, हा आकडा तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. 78 चं 77.5 केलं तसं तेही लेखात घालीन.