मागाचा धागा, गेलेला करंट आणि ‘फक्त सरासरी’

“एमएलईचा बाऊ करू नका. सरासरीलाच दिलेलं ते मोठं नाव आहे. बायनॉमियल आलं तर x/n, एक्स्पोनेन्शियल आलं तर 1/सरासरी, पाठ करा आणि पुढं चला. डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य ठेवलं की उत्तर मिळतंच. आणि जिथं L सर्वांत मोठा, ती किंमत खरी असण्याची शक्यता सर्वांत जास्त.”

परीक्षा जवळ आली की बेळगावातल्या बीएस्सीच्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो. माझ्याकडं यंदा तो तीन वेगवेगळ्या पोरांकडून आला. एमएलई म्हणजे मॅक्सिमम लाइकलीहूड एस्टिमेट: हाती आलेल्या आकड्यांसाठी लाइकलीहूड, म्हणजे L, ज्या किमतीला सर्वांत मोठं होतं तीच अंदाज म्हणून घ्यायची. सरासरीच्या वाक्यावर बरंच बोलायचं आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी शून्याची गोष्ट. खानापूरकडं पेरणीआधी भाताचं बी तपासायचं तर ओल्या गोणपाटात मोजून दाणे गुंडाळून ठेवतात. समजा २० दाण्यांतले १७ उगवले. दाणा उगवण्याची संभाव्यता p धरली, तर p शी संबंध नसलेला स्थिरांक सोडून लॉग-लाइकलीहूड असं दिसतं:

```
l(p)  = 17 ln p + 3 ln(1-p)
l'(p) = 17/p - 3/(1-p) = 0
17(1-p) = 3p,  p = 17/20 = 0.85
l''(p) = -17/p^2 - 3/(1-p)^2 < 0
```

शेवटची ओळ पोरं सोडून देतात. शून्य उतार टेकडीच्या माथ्यावर असतो तसा खड्ड्याच्या तळाशीही असतो. दुसरं डेरिव्हेटिव्ह सगळीकडं ऋण आहे, म्हणून हा माथाच, आणि एकच.

आता वीसच्या वीस दाणे उगवले असं धरा. l(p) = 20 ln p, आणि त्याचा उतार 20/p. हा उतार कुठंच शून्य होत नाही! आलेख p = 1 पर्यंत चढतच जातो, तेव्हा कमाल किंमत टोकावर मिळते. तिथं समीकरण सोडवायला बसलात तर वही कोरीच राहील. आणि उत्तर १ आलं म्हणून बी शंभर टक्के उगवणारं ठरत नाही. p = 0.9 असतानाही वीसच्या वीस उगवायची संभाव्यता 0.9^20, म्हणजे जवळजवळ १२ टक्के आहे.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य तर साफ चूक, आणि ते दोन मिनिटांत पकडता येतं. p च्या किमतींच्या संभाव्यता सांगणारं फल असतं, तर ० ते १ मधलं त्याचं क्षेत्रफळ १ यायला हवं होतं. स्थिरांकासकट L(p) चं इंटिग्रल घेऊन बघा, १७ उगवलेल्या दाण्यांसाठी ते 1/21 येतं. लाइकलीहूड सांगतं ते उलट्या बाजूनं: p अमुक असेल तर हाती आलेला निकाल येण्याची संभाव्यता किती. रोनाल्ड फिशरनं १९२२ च्या निबंधात प्रॉबॅबिलिटीपासून वेगळा शब्द वापरला तो याच फरकासाठी.

आता सरासरी. पूर्ण आकडे हातात असतील तर ते पाठांतर चालतं, हे मान्य. पण आकडे पूर्ण असतात कुठं?

वडगावात आमच्या ओळखीच्या एका काकांचे माग आहेत. एका मागावर ताण्याचा धागा किती वेळानं तुटतो, हे त्यांच्या मुलीनं प्रोजेक्टसाठी टिपायला घेतलं. धागा तुटला की माग थांबतो, काका गाठ मारतात, पुन्हा माग सुरू आणि घड्याळही पुन्हा शून्यापासून. हिशेबासाठी सोपे केलेले आकडे घेऊ. धागा तुटेपर्यंत १२, ७, ३१, ४ आणि १८ मिनिटं गेली. आणखी तीन वेळा धागा तुटायच्या आधीच करंट गेला. तेव्हा माग अनुक्रमे २५, ४० आणि २३ मिनिटं चालला होता.

पोरीनं पहिल्यांदा करंटवाल्या तीन नोंदी खोडल्या. उरलेल्या पाचांची सरासरी 72/5 = 14.4 मिनिटं. काका बघून म्हणाले, “एवढ्या लवकर तुटत असता तर मी माग भंगारात घातला असता की गं.” त्यांचं बरोबर होतं. धागा जितका जास्त वेळ टिकेल तितकी मध्येच करंट जायची शक्यता जास्त, तेव्हा खोडताना नेमक्या लांब टिकलेल्या नोंदी जातात. मग तिनं आठही आकडे मिळवून आठांनी भागलं: 160/8 = 20. हेही चूक, कारण ४० व्या मिनिटाला करंट गेला म्हणजे धागा ४० व्या मिनिटाला तुटला, असं धरल्यासारखं झालं.

इथं लाइकलीहूड हातानं लिहावंच लागतं. तुटण्याचा दर λ धरा. t या वेळी तुटलेल्या धाग्याची घनता λe^(-λt). करंट गेला तेव्हा शाबूत असलेल्या धाग्याबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक, की तो t पेक्षा जास्त टिकला, आणि त्याची संभाव्यता e^(-λt). तिथं पुढचा λ नाही. सगळा फरक त्या एका λ चा आहे. आठही नोंदींचा गुणाकार केला की:

```
L(λ)  = λ^5 e^(-160λ)
l(λ)  = 5 ln λ - 160λ
l'(λ) = 5/λ - 160 = 0
λ = 5/160 = 1/32
l''(λ) = -5/λ^2 < 0
```

घात ५, कारण धागा पाचदाच तुटला. बेरीज मात्र १६०, कारण माग एवढी मिनिटं चालला. म्हणजे सरासरी टिकाव ३२ मिनिटं, 14.4 च्या दुपटीहून जास्त. दोन्ही किमती l मध्ये घालून बघा. λ = 1/32 ला -22.33 येतं, λ = 1/14.4 ला -24.45. फरक 2.12, म्हणजे हेच आकडे पहिल्या दराला दुसऱ्यापेक्षा आठपटींहून जास्त जुळतात. एकदाही धागा तुटला नसता, तर l = -160λ उरलं असतं आणि λ शून्याच्या टोकाला गेला असता. बियांसारखीच गत.

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं काम अजून संपलेलं नाही. माथा टोकदार की पसरट, हे तेच सांगतं. त्याची ऋण किंमत उलटी करून वर्गमूळ काढलं की अंदाजाची प्रमाणत्रुटी मिळते: λ/√5, साधारण 0.014. अंदाज 0.031 आणि त्रुटी 0.014, म्हणजे पाच तुटण्यांवर फार उड्या मारू नयेत. शिवाय ही त्रुटी मोठ्या नमुन्यासाठीची, पाचावर ती कच्चीच.

हे सगळं दोन गोष्टींवर उभं आहे. एक, दर स्थिर असावा. म्हणजे धागा अर्धा तास टिकला म्हणून पुढच्या मिनिटाला तुटायची शक्यता बदलायला नको. गाठ मारल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बहुतेक धागे तुटत असतील, तर एक्स्पोनेन्शियल लागू नाही. दुसरी गोष्ट, नोंद मध्येच थांबण्याचा धाग्याच्या प्रकृतीशी संबंध नसावा. करंटला मागावरचा धागा दिसत नाही, म्हणून ते चालतं. पण धागा विरलेला दिसला की काका कधीकधी स्वतःच माग थांबवतात. ती वेळ करंट गेल्यासारखी धरली तर तुटायला आलेला धागा शाबूत म्हणून मोजला जातो आणि दर कमी येतो. पोरीच्या वहीत आता वेळेशेजारी आणखी एक रकाना आहे: तुटला, करंट गेला, हातानं थांबवला.