शून्यावर आणायची गरज बॅटरीला नाही, आकड्याला

"फोन २० टक्क्यांवरच बंद पडतो. बॅटरी पूर्ण संपवून चार्ज केली तर सुधारेल का?"

बॅटरी सुधारणार नाही. सुधारला तर आकडा सुधारेल. पूर्ण संपवायचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला ती सवय उलट जाचकच ठरते.

पडद्यावरची टक्केवारी हा एक अंदाज असतो. आत किती करंट गेला, बाहेर किती आला याचा हिशोब एक चिप ठेवते आणि व्होल्टेजशी ताडून बघते. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं हलत नाही, त्यामुळे कायम ४० ते ८० मध्येच फोन वापरला तर हिशोबातली बारीक चूक साचत जाते. दोन्ही टोकांना मात्र चिपला पक्की खूण सापडते. म्हणून आकडा वेडावाकडा उड्या मारत असेल तरच एकदा फोन आपोआप बंद होईपर्यंत वापरा आणि मग न थांबता १०० पर्यंत चार्ज करा. दर महिन्याला हा उपास घडवायची गरज नाही. आणि बंद पडलेला फोन तसाच बरेच दिवस ठेवू नका, सेल खरंच खराब होऊ शकतो.

त्यानंतरही २० वरच मान टाकली तर कधी टाकतो ते बघा. कॅमेरा उघडल्यावर किंवा थंडीत बंद पडतो आणि चार्जरला लावताच पुन्हा १८-१९ दाखवतो? मग बहुधा सेल म्हातारा झालाय. त्याचा अंतर्गत रोध वाढलाय, जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. तिथे आकडा जुळवायचं हे कॅलिब्रेशन कितीही करा, बॅटरीच बदलावी लागेल.