जामिनातून मोकळं व्हायचं असेल, तर बँकेला पत्र नीट लिहा

कर्ज विभागात नोकरी केली तेवढी वर्षं जामीनदारांची पत्रं माझ्या टेबलावर येत राहिली. बहुतेकांचा मजकूर सारखाच असायचा. ‘कर्जदाराची परिस्थिती बदलली आहे, त्याचा-माझा आता संबंध उरलेला नाही, माझंही वय झालं आहे, तरी कृपया मला जामीनदारीतून मुक्त करावे.’ साहेब कोपऱ्यात ‘फाईलला लावा’ लिहायचे, पत्र फाईलला लागायचं. पत्र देणारा मात्र घरी जाऊन ‘मी बँकेला कळवलंय’ या भरवशावर निर्धास्त राहायचा. पुढे वसुलीची नोटीस आली की तोच माणूस पत्राची झेरॉक्स घेऊन यायचा, आणि त्या झेरॉक्सचा काही उपयोग नाही हे त्याला सांगायची वेळ माझ्यावर यायची. मला ते फार जिवावर यायचं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कटू गोष्ट. कर्जदाराची नोकरी गेली, घटस्फोट झाला, तो गाव सोडून गेला, यातल्या कशानेही जामीन आपोआप संपत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही. घरकर्ज किंवा गाडीचं कर्ज एकदा हातात पडलं की त्यातून सुटणं सर्वस्वी बँकेच्या मर्जीवर. दुसरा जामीनदार किंवा जादा तारण दिल्याशिवाय बँक ऐकत नाही, आणि त्यात बँकेची चूकही नाही.

व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याचं तसं नसतं. तिथे पैसे रोज निघतात, रोज भरले जातात, म्हणून जामीनही चालू स्वरूपाचा असतो. कलम १३० म्हणतं की असा जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन केव्हाही मागे घेता येतो. आणि कर्जदार भागीदारी संस्था असेल, तर आणखी एक कलम आहे जे जामीनदारांना सहसा कुणी सांगत नाही. भागीदारी कायदा, १९३२, कलम ३८. भागीदार बदलले की त्या तारखेपासून पुढच्या व्यवहारांचा जामीन संपतो, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांचं हेच प्रकरण होतं. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांच्या फर्मला त्यांनी १० लाखांच्या लिमिटसाठी जामीन दिला होता. सरांचा विश्वास थोरल्यावर. पुढे भावांचं फाटलं, थोरला बाहेर पडला, धाकट्याने सासऱ्यांना भागीदार करून घेतलं. लिमिटचं नूतनीकरण तोंडावर आलं तेव्हा सर पत्राचा मसुदा घेऊन आले. मसुद्यात दोन पानं भरून भावांच्या भांडणाची हकीकत. भागीदार बदलल्याची तारीख कुठेच नाही!

मी त्यांना आधी जामीनपत्राची प्रत मागायला लावली. सही करताना ती कुणी घेत नाही, आणि सगळा निकाल तिच्यावर लागतो. छापील जामीनपत्रात बरेचदा ‘भागीदारीत बदल झाला तरी हा जामीन कायम राहील’ किंवा ‘हा जामीन मागे घेता येणार नाही’ असं लिहिलेलं असतं. हक्क असा आधीच सोडून दिलेला असेल तर कलम १३० मदतीला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात तेच सांगितलं. तसं कलम असेल तर पत्र निव्वळ विनंतीचं होतं, आणि मग पर्यायी जामीनदार सोबत घेऊनच जावं. सरांच्या जामीनपत्रात नूतनीकरणाचा उल्लेख होता, भागीदार बदलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग पत्र असं झालं: ‘सदर फर्मच्या भागीदारीत अमुक तारखेपासून बदल झाला आहे. त्या तारखेनंतरच्या व्यवहारांना माझा जामीन लागू नाही. तसेच या पत्राद्वारे मी पुढील सर्व व्यवहारांपुरता जामीन मागे घेत आहे. लिमिटच्या नूतनीकरणास वा वाढीस माझी संमती नाही. आजअखेरची येणे बाकी लेखी कळवावी व खाते येथेच थांबवून नवीन व्यवहार स्वतंत्र खात्यात घ्यावेत. जुन्या बाकीतूनही मला मुक्त करावे, अशी विनंती आहे.’ वर खाते क्रमांक आणि जामीनपत्राची तारीख, खाली प्रत कर्जदारास. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. भांडणाची हकीकत सगळी काढून टाकली.

खातं थांबवायचं वाक्य का, ते आकड्यांत सांगतो. समजा पत्राच्या दिवशी येणे बाकी ६ लाख ४० हजार आहे. खातं तसंच चालू राहिलं. पुढच्या दोन महिन्यांत फर्मने ३ लाख काढले आणि ४ लाख भरले. बाकी ५ लाख ४० हजार. बँक म्हणते, सर, एवढे द्या. पण चालू खात्यात भरणा आधी सर्वांत जुन्या उचलीपोटी वळता होतो, असा जुना नियम आहे. म्हणजे ४ लाख सरांच्या काळातल्या बाकीतून वजा होतात आणि व्याज सोडता त्यांच्याकडे फक्त २ लाख ४० हजार उरतात. बँकेला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तारीख घालून असं पत्र मिळालं की जाणता मॅनेजर एकतर खातं गोठवतो, नाहीतर जामीनपत्रातलं या नियमाला बगल देणारं कलम शोधतो. पत्र फाईलला लावून गप्प बसणं त्याला परवडत नाही.

सरांना शाखेत सांगितलं गेलं, ‘तुम्हाला सोडलं तर दुसरा जामीनदारही सुटेल, मग आम्ही काय करायचं?’ हे चूक आहे. कलम १३८ प्रमाणे एका जामीनदाराला सोडल्याने दुसरा सुटत नाही. हे समोर ठेवल्यावर बोलणं पुढे सरकलं. सासऱ्यांच्या घराचं तारण घेऊन नव्या फर्मची लिमिट मंजूर झाली आणि त्यातून जुनं खातं भरून बंद केलं.

मला खरा संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. पत्र पोचल्यानंतर शाखेतला माणूस घरी येतो. चहा घेतो, ‘सर, ऑडिट आहे, नुसती फॉर्मॅलिटी,’ म्हणत कर्ज कबुलीचा कागद पुढे करतो. त्या कागदावर आजची पूर्ण बाकी मान्य असते आणि जामीन चालू असल्याचंही लिहिलेलं असतं. एक सही, आणि पत्राने मिळवलेलं बरंचसं गेलं. ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना जीभ अडखळते हे त्यांना माहीत असतं. जामीनदाराच्या पत्राला मुदतीत लेखी उत्तर देणं बँकांना आणि पतसंस्थांना बंधनकारक असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज ते उत्तर मिळत नाही, म्हणून अशा सह्या घेता येतात.

आणि ‘काम झालं’ असं तोंडी सांगितलं तर थांबू नका. कर्ज समितीच्या मंजुरीचा हवाला असलेलं जामीनमुक्तीचं पत्र हातात घ्या, जामीनपत्र रद्द केल्याची नोंद मागा, आणि दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून त्यात जामीनदार म्हणून आपलं नाव अजून चालू दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर मुक्तीच्या पत्राची प्रत जोडून लगेच तक्रार नोंदवा.